ठिपके जागेवर आहेत, मग हा आमचा काळू का वाटत नाही?

प्रश्न : आमच्याकडे काळू नावाचा गावठी कुत्रा आहे. अंग काळं, पाय आणि गाल तांबूस, दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका आणि छातीवर पांढरा डाग. दिवाळीत त्याचे दोन फोटो एका चित्रकाराला देऊन ॲक्रिलिकमध्ये चित्र करून घेतलं. चित्र सुरेख आहे, डाग-ठिपके सगळे आहेत, पण घरात कुणालाच तो काळू वाटत नाही. आईने तर बघताक्षणी "हा कुणाचा गं?" असंच विचारलं. माझी लेक आता कॉलेजात आहे, शाळेत तिच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाल्या आहेत आणि ती स्वतः नव्याने करून बघायचं म्हणते. फोटोवरून रंगवताना खुणा आणि चेहऱ्यावरचा भाव दोन्ही टिकवायचे तर नेमकं काय सांभाळायचं? मूळ फोटो आणि चित्राचा फोटो सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमचे दोन्ही फोटो आणि चित्र शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. चित्रकाराचा हात चांगला आहे, रंग स्वच्छ आहेत आणि खुणा त्याने मन लावून मोजल्या आहेत. घोळ झालाय तो वेगळ्याच ठिकाणी. आपण समजतो की खुणा एकीकडे आणि भाव दुसरीकडे. खुणा नीट उतरवल्या की ओळख पटते आणि भाव ही वरची कमाई. काळूसारख्या कुत्र्याच्या बाबतीत हे खरं नाही. त्याच्या डोळ्यांवरचे ठिपके हीच त्याची ठळक खूण आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भावही मुख्यतः तेच दाखवतात.

ते ठिपके म्हणजे कपाळावर लावलेली टिकली नव्हे. भुवईच्या उंचवट्यावर जिथे कातडी सर्वांत जास्त हलते, नेमके तिथेच ते असतात. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित झालेला असतो; लांडग्यांत तो नावापुरताच असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीररचनेचा हा फरक तपासून दाखवला गेला. कुत्रा आपल्याकडे काही मागतो, कान देतो, शंका घेतो, तेव्हा हा स्नायू ओढला जातो. काळ्या तोंडावर तांबूस ठिपका असला की ती हालचाल खोलीच्या दुसऱ्या टोकाकडूनही दिसते. असे कुत्रे माणसाच्या नजरेत फार पूर्वीपासून भरलेले आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांना चार डोळ्यांचे म्हटलं आहे. डोळ्यांवर असे ठिपके असणाऱ्या कुत्र्यांवरूनच ते वर्णन आलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

आता तुमचा दुसरा फोटो बघा, दारात बसलेल्या काळूचा. त्याचा डावा ठिपका उजव्यापेक्षा किंचित वर आहे आणि आतल्या टोकाला ओढला जाऊन लांबट झालाय. उजवा गोल आहे. मान थोडी कलली आहे. त्या वेळी तो काहीतरी विचारत होता, हे फोटोतच दिसतं. चित्रात मात्र दोन्ही ठिपके एका रेषेत, एकाच मापाचे, गोल. चित्रकाराने हे मुद्दाम केलेलं नाही. हात आपोआप दोन्ही बाजू सारख्या करत जातो. माणसाच्या चेहऱ्यातही हे होतं, पण कुत्र्याच्या चेहऱ्यात लवकर होतं, कारण "कुत्र्याचं तोंड" असा एक साचा आपल्या डोक्यात बसलेला असतो. ठिपके सारखे केले आणि विचारणारा काळू निमूट बसलेला कुठलातरी कुत्रा झाला. घरच्यांना नेमकं हेच खटकलंय.

दुसरी गोष्ट घरातल्या कुणाच्याही लक्षात आलेली दिसत नाही. पहिला फोटो, लेकीने काळूला जवळ घेऊन काढलेला, उलटा आहे. तिच्या टी-शर्टवरची अक्षरं बघा, आरशात दिसावीत तशी आहेत. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो सेटिंगनुसार तसाच उलटा साठवला जातो. माणसाच्या चेहऱ्यात ते फारसं जाणवत नाही. काळूच्या छातीवरचा पांढरा डाग मात्र त्याच्या डाव्या खांद्याकडे झुकलेला आहे, हे दारातल्या फोटोत स्पष्ट दिसतं. चित्रात तो उजवीकडे झुकला आहे, कारण छाती त्या उलट्या फोटोवरून घेतली. तुम्ही रोज बघता तो डाग विरुद्ध बाजूला गेला आणि कुणालाच ते बोट ठेवून सांगता आलं नाही. फोटो कुणाला देण्याआधी त्यात कुठे पाटी, दिनदर्शिका, घड्याळ दिसतंय का ते बघावं. अक्षरं सुलटी असतील तर फोटो सुलटा.

तिसरं कारण नाकात आहे. चित्रातलं नाक जरा मोठं आणि कान लहान वाटतात. फोटोतच तसं आहे. काळूच्या नाकाच्या टोकापासून डोळ्यांपर्यंत अंदाजे १० सेंटिमीटर अंतर असेल. फोन त्याच्या नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर डोळे ४० सेंटिमीटरवर येतात. म्हणजे डोळ्यांच्या मानाने नाक एक तृतीयांशाने मोठं दिसणार. तोच फोन २ मीटरवरून धरला तर नाक २०० आणि डोळे २१० सेंटिमीटरवर, म्हणजे फरक फक्त एक विसांश उरतो. तुम्ही काळूला रोज त्या दुसऱ्या अंतरावरून बघता. जवळून काढलेल्या फोटोत गंमत येते, पण तो हुबेहूब रंगवला की चित्रात फोनचं भिंग उतरतं, काळू नाही.

म्हणून लेकीने आधी नवा फोटो काढावा. काळू घरातच आहे, तेव्हा ही सोय आहे. दोन मीटर मागे सरकायचं आणि मग फोन दुपटीच्या झूमवर न्यायचा. जमिनीवर बसून फोन काळूच्या डोळ्यांच्या उंचीला आणायचा. उभ्याने काढलं तर कपाळ फुगतं, पाय आखूड होतात आणि ठिपके डोळ्यांवर चढलेले दिसतात. फ्लॅश अजिबात नको. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो, त्यामुळे बुबुळ हिरवंपिवळं चमकतं आणि डोळ्यातलं रंगवण्याजोगं सगळं जातं. उजेड एका बाजूने यायला हवा. नाशिकला सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास, ऊन थेट अंगावर नसलेल्या व्हरांड्यात किंवा मोठ्या खिडकीपाशी तो छान मिळतो. दुपारच्या कडक उन्हात काळं अंग फोटोत नुसता डांबरी गोळा होतं. फोटो थोडा उजळ ठेवला तरी चालेल. स्क्रीनवर काळूला बोटाने दाबून उजेड किंचित वाढवला की काळ्या केसांतला तपशील वर येतो.

भाव कुठला घ्यायचा, हे मात्र घरच्यांनी मिळून ठरवावं. तोंड उघडून जीभ बाहेर काढलेला फोटो लोकांना हसरा वाटतो म्हणून आवडतो. पण एप्रिल-मेमध्ये ते बहुधा धापणं असतं. त्यात ओठांचे कोपरे मागे ताणले जातात, गालांवरचा तांबूस पट्टा लांबतो आणि खुणांचा आकार बदलतो. मी तोंड मिटलेला, कान सैल पण सावध असलेला क्षण निवडेन. फोन लावून ठेवून कुणीतरी दुसऱ्या खोलीतून डब्याचं झाकण वाजवावं आणि बटण दाबून सलग फोटो घ्यावेत. ठिपके वर ओढले जातात तो क्षण त्यात सापडतो. फोटो दुसऱ्याला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकसून येतो आणि केसांच्या जागी लगदा उरतो.

आता रेखाटन. फोनचा फोटो साधारणपणे ३ ला ४ या प्रमाणात असतो आणि बाजारात १२ बाय १६ इंचाचा कॅनव्हास सहज मिळतो. त्याचंही प्रमाण तेच. म्हणून फोटो ६ बाय ८ इंचांत छापून घ्यावा. त्यावर इंचाइंचाचे चौकोन आखायचे आणि कॅनव्हासवर दोन दोन इंचांचे. लेकीने शाळेत चौकोन आखून चित्र मोठं केलेलं असणारच. चौकोन एकूण ४८ होतात. चेहऱ्याचे जे सहा-सात चौकोन आहेत, त्यांचे आणखी चार चार भाग करावेत, कारण सगळी ओळख तिथेच आहे. बाकीच्या अंगाला एवढं बारीक करण्याची गरज नाही.

रेखाटताना आधी "डोळा काढते, नाक काढते" असं मनात आणू नये. डोळ्यांचे आतले दोन कोपरे आणि नाकाच्या शेंड्याचा मध्य हे तीन बिंदू आधी पक्के करायचे. तो त्रिकोण फोटोतल्या त्रिकोणाशी जुळला की मग ठिपके, गाल, कान त्यावरून मोजायचे. काळूची मान कललेली असेल तर त्रिकोणही कललेलाच राहील. तो सरळ करायचा मोह आवरायचा. त्यानंतर खुणांच्या कडा. ठिपक्याचा आकार काढण्याऐवजी त्याच्या भोवतीच्या काळ्या भागाचा आकार काढला तर हात साच्यात जात नाही. कागद आणि फोटो दोन्ही उलटे धरून केलं तर आणखी बरं. उलट्या चेहऱ्यात डोळा म्हणून डोळा दिसत नाही, नुसते आकार दिसतात आणि हात ते प्रामाणिकपणे उतरवतो.

रंगाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण काळ्या-तांबूस कुत्र्यात बहुतेक चित्रं इथेच फसतात. आपल्याला माहीत असतं की काळा गडद आणि तांबूस फिका. म्हणून सगळा काळा भाग काळा आणि सगळा तांबूस भाग फिका लावला जातो. प्रत्यक्षात खिडकीकडच्या बाजूला काळ्या केसांवर जी तकाकी येते, ती सावलीतल्या तांबूस गालापेक्षा फिकी असते. खोटं वाटत असेल तर फोटो फोनवर कृष्णधवल करून बघा. तुमच्या दारातल्या फोटोत नाकाच्या दांड्यावरची तकाकी आणि उजव्या गालावरचा तांबूस पट्टा यांची तुलना करा. पट्टा स्पष्ट गडद आहे. चित्रात तो पट्टा उजेडातल्या डाव्या पट्ट्याइतकाच फिका लावलाय. त्यामुळे डोक्याची गोलाई गेली आणि खुणा वरून चिकटवल्यासारख्या दिसू लागल्या.

तेव्हा लेकीने रंगीत फोटोबरोबर त्याची कृष्णधवल प्रतही छापून समोर ठेवावी. पहिल्या हातात फक्त तीन छटा: गडद, मधली, फिकी. या वेळी कुठला भाग काळा आणि कुठला तांबूस, हे विसरायचं. ते बसलं की मग रंग. ट्यूबमधला तयार काळा वापरू नये, त्याने केस मेलेले दिसतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून खोल गडद रंग मिळतो. आभाळाचा उजेड पडतो तिथे त्यात निळा जास्त आणि थोडा पांढरा, सावलीत अंबर जास्त. तांबूससाठी येलो ओकर आणि बर्न्ट सिएना. सावलीतल्या तांबूस भागात त्यातच अल्ट्रामरीनचा अगदी थोडा अंश. एवढ्या चार रंगांत आणि पांढऱ्यात काळू होतो. नाशिकच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळून जातो, म्हणून पॅलेटमध्ये ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून रंग त्या कागदावर काढावेत.

तुमच्या गावात जलरंगाची मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांनी गोदाकाठचे घाट आणि देवळं जलरंगात रंगवली आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी ती वाट चालू ठेवली. त्यामुळे लेकीला जलरंगात करावंसं वाटेल. काळूसाठी मी ते सुचवणार नाही. जलरंगात फिका केस म्हणजे मोकळा ठेवलेला कागद आणि काळ्या अंगावरचा प्रत्येक चमकता केस आधीपासून राखून ठेवणं फार कठीण आहे. ॲक्रिलिकमध्ये गडदावर फिका चढवता येतो. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाची मांजर असती तर माझं उत्तर वेगळं असतं.

खुणांच्या कडा रेषेने बंद करू नयेत. काळ्या आणि तांबूस भागाच्या सीमेवर एका रंगाचे केस दुसऱ्यावर झुकलेले असतात. कुठल्या रंगाचे केस कुणावर, हे केसांची दिशा ठरवते. कुत्र्याच्या चेहऱ्यावर केस नाकाच्या शेंड्याकडून मागे, कपाळावरून कानांकडे जातात आणि डोळ्यांखालून गालाकडे बाहेर वळतात. म्हणून ठिपक्याच्या खालच्या कडेला काळे केस तांबूसावर येतात आणि वरच्या कडेला तांबूस केस काळ्यावर. एवढा फरक केला तरी ठिपका कातडीत बसतो. बऱ्याच कुत्र्यांच्या छातीवर भोवरा असतो. काळूच्या पांढऱ्या डागाची कड वेडीवाकडी दिसते ती त्यामुळेच. ती गुळगुळीत करू नका. आणि सगळे केस रंगवत बसू नका. सीमेवरचे आणि उजेडातले थोडे केस पुरतात, बाकी ठिकाणी सपाट रंग राहू द्यावा.

डोळे शेवटी घेतले तरी चालतील, पण घाईने घेऊ नयेत. कुत्र्याच्या डोळ्यात समोरून बघताना पांढरा भाग जवळजवळ दिसत नाही. तुमच्या चित्रात दोन्ही बाजूंना पांढरं दाखवलंय, त्यामुळे नजर माणसासारखी आणि थोडी घाबरलेली झाली. कुत्र्याच्या डोळ्यात पांढरी कोर दिसते ती तो तिरका बघतो तेव्हा, किंवा खरोखर बिचकलेला असतो तेव्हा. वरच्या पापणीची सावली डोळ्यावर पडते, म्हणून तपकिरी भाग वर गडद आणि खाली उजळ असतो. डोळ्यातली चमक एकच, खिडकीच्या बाजूला वर, दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला. तिचा रंग शुभ्र ठेवण्यापेक्षा किंचित निळसर ठेवावा. वरच्या पापणीची रेषा एखादा मिलिमीटर खाली आली तर काळू झोपाळू होतो, वर गेली तर दचकलेला. म्हणून इथे फोटोतलं माप कर्कटकाने घ्यावं आणि दुपटीने कॅनव्हासवर टाकावं.

अधूनमधून एक तपासणी करत राहावी. चित्राचा समोरून, सरळ फोटो काढायचा, तो मूळ फोटोइतक्याच आकारात कापायचा आणि फोनच्या गॅलरीत दोन्ही एकामागोमाग ठेवून बोटाने पुढे-मागे करायचं. जे जागेवर आहे ते स्थिर राहतं. जे सरकलं आहे ते उडी मारतं. ठिपके उडी मारतात, कानाची टोकं उडी मारतात, कधी अख्खं नाक खाली येतं. रेखाटन झाल्यावर, तीन छटा बसल्यावर आणि डोळे झाल्यावर अशी तीनदा तपासणी केली तर मोठी चूक रंगाखाली गाडली जात नाही. नंतर आईंना चित्र दाखवताना काही न सांगता दाखवा. "छान झालंय" हे उत्तर नको. "आता हा उठून येईल बघ" किंवा "याने काहीतरी पाडलंय वाटतं" असं काही त्या म्हणाल्या तर भाव उतरलाय.

आधीचं चित्रही वाया गेलेलं नाही. त्यावर वार्निश नसेल तर ॲक्रिलिकवर ॲक्रिलिक चढतो. डोळ्यांतला पांढरा भाग बुजवणं, डावा ठिपका वर ओढणं, उजव्या गालाचा पट्टा गडद करणं ही कामं एका बैठकीत होण्यासारखी आहेत. छातीवरचा डाग हलवायला जरा वेळ लागेल, कारण काळ्यावर पांढरा झाकायला दोन-तीन हात द्यावे लागतात. नाकाचं प्रमाण मात्र तोंड पुन्हा रंगवल्याशिवाय सुधारणार नाही. ते तसंच राहू द्या. हे बदल लेकीने करण्याआधी त्या चित्रकारालाच नवा, सुलटा फोटो दाखवून विचारा. काम त्याचं आहे, त्यावर त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याचा ब्रश फिरू नये आणि उलटा फोटो त्याच्या हाती पडला होता हे त्याला कळलंही पाहिजे.